सकाळ, दुपार, रात्र : ज्येष्ठांच्या गोळ्यांचा डबा कसा लावावा, साठा कसा मोजावा

बेळगावच्या दक्षिण भागातील अनगोळ, टिळकवाडी, वडगाव या परिसरातील कित्येक घरांची रचना गोव्यातील वाचकांना अपरिचित नाही. मुलगा नोकरीनिमित्त पणजी, वास्को किंवा वेर्ण्याला. आई किंवा वडील अनगोळच्या जुन्या घरी. सून किंवा मुलगी शेजारच्या गल्लीत. मुलगा शनिवारी चोर्ला घाटातून घरी पोहोचतो आणि सोमवारी पहाटे परततो. मधल्या पाच दिवसांत वडीलधाऱ्यांच्या गोळ्या कोणी आणि कशा द्यायच्या, हा या घरांतील रोजचा प्रश्न असतो.

त्यावर उपाय म्हणून औषधांच्या दुकानातून प्लास्टिकचा खणांचा डबा आणला जातो. सात दिवस आणि प्रत्येक दिवसाचे तीन खण, असे एकवीस खण. डबा उपयोगी आहे, यात शंका नाही. मात्र तो स्वतःहून काहीही तपासत नाही. चुकीची गोळी चुकीच्या खणात गेली, तर आठवडाभर तीच चूक शिस्तीने घडत राहते. म्हणून डबा भरण्यापूर्वीचा कागद आणि भरून झाल्यावरची मोजणी, या दोन गोष्टींवर या लेखात अधिक भर दिला आहे. कोणते औषध घ्यावे आणि किती, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे. घरच्यांनी करायचे काम त्यानंतर सुरू होते.

आधी सगळी औषधे एका टेबलावर

पहिल्या दिवशी डबा बाजूला ठेवावा आणि घरातील सर्व औषधे गोळा करावीत. ती एका ठिकाणी कधीच नसतात. काही फ्रिजच्या दारात, काही देवघराशेजारच्या फळीवर, काही पर्समध्ये, काही जुन्या मिठाईच्या डब्यात. गुडघेदुखीची गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, शेजाऱ्यांनी सुचवलेले टॉनिक, हे सर्व त्यात आले पाहिजे. दुखण्यावरील काही गोळ्यांमुळे रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना त्यांची कल्पना नसते, कारण त्या त्यांनी दिलेल्या नसतात.

गोळा केलेल्या ढिगात सर्वांत घातक गोष्ट म्हणजे एकच औषध दोन नावांनी असणे. आधी ओळखीच्या दुकानातून एका कंपनीची गोळी येत होती. नंतर स्वस्त पडते म्हणून जनऔषधी केंद्रातून तेच औषध दुसऱ्या वेष्टनात आले. रंग वेगळा, आकार वेगळा, नाव वेगळे. जुनी स्ट्रिप संपलेली नसते, नवी सुरू होते आणि रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी दुप्पट जाऊ लागते. याचाच एक प्रकार जोडगोळीत आढळतो. मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असतात. त्याखेरीज मेटफॉर्मिनची वेगळी स्ट्रिपही घरात असते. म्हणून ठळक अक्षरांतील कंपनीचे नाव न वाचता घटक औषधाचे नाव आणि त्यापुढील मिलिग्रॅमचा आकडा वाचावा. तो आकडा आणि नाव दोन स्ट्रिपांवर सारखे दिसले, तर दोन्ही स्ट्रिपा घेऊन औषधविक्रेत्याकडे जावे आणि एकच ठेवावी.

मुदत संपलेली, बंद केलेली आणि नाव न वाचता येणारी औषधे यानंतर घराबाहेर काढावीत. "असू दे, लागेल कधी" म्हणून ठेवलेली स्ट्रिपच पुढे डब्यात शिरते.

एक कागद, मराठीत

बेळगावात औषधाचा प्रवास तीन-चार भाषांतून होतो. डॉक्टर समोरच्याला पाहून मराठी किंवा कन्नड बोलतात, चिठ्ठी इंग्रजीत लिहितात, स्ट्रिपवर इंग्रजी आणि हिंदी असते आणि डब्याच्या झाकणांवर पुन्हा इंग्रजी. गोळी घेणाऱ्या आजींना मात्र मराठी वाचता येते. त्यामुळे चिठ्ठीचे मराठी टाचण तयार करणे, हे डब्याच्या तयारीतील मुख्य काम ठरते.

चिठ्ठीवरील १-०-१ ही खूण सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने वाचायची असते. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. त्याखेरीज ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज भासल्यासच. एसी म्हणजे जेवणापूर्वी व पीसी म्हणजे जेवणानंतर. यातील एखादे अक्षर नीट लागत नसेल, तर अंदाज न करता दवाखान्यात विचारावे.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. वय ७६, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड आणि हृदयविकाराचा पूर्वीचा त्रास असलेल्या एका आजींची ही यादी आहे. ती केवळ उदाहरणासाठी रचलेली आहे. कोणीही आपल्या घरी तशीच वापरू नये.

लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम : उठल्यावर, उपाशीपोटी
टेल्मिसार्टन ४० : १-०-०
ग्लिमेपिराइड १ : १-०-०, न्याहारीच्या अगदी आधी
मेटफॉर्मिन ५०० एसआर : १-०-१, जेवणानंतर
कॅल्शियम ५०० : ०-१-०, जेवणानंतर
अ‍ॅस्पिरिन ७५ : ०-१-०, जेवणानंतर
अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० : ०-०-१
ड जीवनसत्त्व ६०,००० युनिट : फक्त रविवारी, दुपारी

टाचणावर प्रत्येक ओळीत औषधाचे नाव देवनागरीत आणि स्ट्रिपवर छापल्याप्रमाणे रोमन अक्षरांतही लिहावे. पुढे "कशासाठी" हे दोन शब्दांत लिहावे : साखरेची, रक्तदाबाची, हाडांची. गोळीचा रंग व आकार लिहिल्यास तपासताना सोपे जाते, परंतु कंपनी बदलली की तो तपशील खोडून नव्याने लिहायला हवा. खाली तारीख टाकावी. तारीख नसलेले टाचण सहा महिन्यांनी निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते.

डब्यात काय घालू नये

वरील आठ औषधांपैकी दोन डब्यात जाणार नाहीत, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल.

पहिली थायरॉईडची गोळी. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर आणि न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. 'सकाळ'च्या खणात इतर गोळ्यांबरोबर ठेवली, की ती चहा-पोह्यांबरोबरच पोटात जाते आणि तिचे शोषण कमी होते. शिवाय ओलावा आणि प्रकाश यांपासून तिला जपावे लागते. म्हणून ती स्वतःच्याच बाटलीत, पलंगाजवळ पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या औषधाला अडवतात. त्यांच्यात किमान चार तासांचे अंतर लागते. नमुन्यातील कॅल्शियम दुपारी का आहे, याचे उत्तर इथे मिळते.

दुसरी टेल्मिसार्टन. रक्तदाबासाठी ती आपल्याकडे सर्रास दिली जाते. परंतु ती हवेतील ओलावा चटकन शोषून घेते. मूळ निर्मात्याच्या माहितीपत्रकात ती घेण्याच्या वेळीच वेष्टनातून काढण्याची सूचना आहे. बेळगावच्या पावसाळ्यात आणि गोव्याच्या तर वर्षातील बहुतेक काळात ही सूचना गांभीर्याने घ्यायला हवी. हिच्यासाठी सोपी युक्ती अशी की, स्ट्रिपच्या मागील बाजूस मार्कर पेनने प्रत्येक गोळीवर रवि, सोम, मंगळ असे लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याने पातळ पत्रा फाटतो. अशी स्ट्रिप स्वतःच आठवड्याचे कॅलेंडर होते आणि ती डब्याला रबरबँडने बांधून ठेवता येते.

फिट्सवरील सोडियम व्हॅल्प्रोएट आणि रक्त पातळ करणारे डाबिगाट्रान ही औषधेही मूळ वेष्टनातच ठेवायची असतात. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी डब्यात कधीही नसावी. ती वेळापत्रकाची गोळी नव्हे आणि गरजेच्या क्षणी ती वेगळी, हाताशी सापडली पाहिजे. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना मिळणाऱ्या अ‍ॅसेनोकुमारॉलसारख्या गोळीची मात्रा रक्ततपासणीप्रमाणे बदलत राहते, म्हणून तीही बाहेर. संधिवातावरील मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. ते डब्याजवळच नव्हे, तर वेगळ्या व्यक्तीच्या ताब्यात असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काहीजण ओलाव्यावर उपाय म्हणून स्ट्रिप कात्रीने कापून गोळी तिच्या आवरणासकट खणात ठेवतात. गोळी टिकते, हे खरे. परंतु कमी दिसणारी व्यक्ती तो टोकदार तुकडा तसाच गिळू शकते आणि त्याने अन्ननलिकेला इजा होते. गोळी काढून देणारे कोणी समोर असेल तरच हा मार्ग धरावा आणि कोपरे गोल कापावेत.

डब्याची निवड आणि अक्षरे

बाजारातील डब्यांवर वारांची केवळ पहिली इंग्रजी अक्षरे असतात. त्यात रविवार आणि शनिवार यांचे अक्षर एकच, मंगळवार आणि गुरुवार यांचेही एकच. काही डब्यांत दिवसाचे चार खण असतात, तिथे चौथा खण रिकामा राहतो आणि दर रात्री "यात काही राहिले का?" असा संभ्रम निर्माण करतो. तीन वेळा असतील, तर तीनच खणांचा डबा घ्यावा. प्रत्येक झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून जाड अक्षरांत "सोम, सकाळ" असे पूर्ण लिहावे. मराठीतही नुसते "शु" आणि "श" लिहिल्यास वयस्कर डोळ्यांना ते सारखेच दिसतात.

झाकण उघडायला किती बळ लागते, हे दुकानातच आजींच्या हातून पाहावे. फार घट्ट झाकण उघडताना गोळ्या उडतात. फार सैल झाकण पिशवीत आपोआप उघडते. घरात लहान मुले असतील, तर हे डबे त्यांच्यासाठी सुरक्षित नसतात. साखरेची एक गोळीही लहान मुलाला गंभीर इजा करू शकते.

डबे दोन घ्यावेत. शनिवारी संध्याकाळी नवा डबा भरताना चालू डब्यात शनिवारची रात्र अजून शिल्लक असते, हे त्याचे साधे कारण. रिकामा झालेला डबा धुऊन पूर्ण वाळवायलाही आठवडा मिळतो.

भरण्याची रीत

भरायची वेळ शनिवार संध्याकाळची धरू, कारण तेव्हा मुलगा घरी असतो आणि दुकान उघडे असते. रविवारी रात्री भरायला बसल्यास एखादी गोळी कमी पडते आणि सोमवारी पहाटे बस सुटते.

हात कोरडे असावेत, उजेड भरपूर असावा, टीव्ही बंद असावा. सर्व स्ट्रिपा डाव्या हाताला ठेवाव्यात. नंतर एकाच औषधाची स्ट्रिप समोर घ्यावी, टाचणावरील ओळीशी नाव आणि मिलिग्रॅम जुळवून मोठ्याने वाचावे आणि त्या औषधाचे आठवड्याचे सर्व खण भरावेत. मग ती स्ट्रिप उजवीकडे जाते आणि पुढची समोर येते. एकेका खणात एकदम सर्व गोळ्या टाकत जाण्याची सवय अनेकांना असते. त्यात मध्येच फोन आला, की कुठपर्यंत आलो होतो हे कळत नाही. औषधागणिक भरल्यास चूक उघडी पडते : सात खण भरायचे होते आणि एक रिकामा दिसतो.

आता मोजणी. नमुन्यात थायरॉईड आणि टेल्मिसार्टन बाहेर ठेवल्यावर सकाळच्या प्रत्येक खणात ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन अशा दोन गोळ्या येतील. दुपारी कॅल्शियम व अ‍ॅस्पिरिन, दोन. रात्री मेटफॉर्मिन व अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, दोन. म्हणजे दिवसाला सहा, आठवड्याच्या बेचाळीस. त्यात रविवार दुपारच्या ड जीवनसत्त्वाची एक मिळवून त्रेचाळीस. टाचणाच्या तळाशी "प्रत्येक खणात २, रविवार दुपार ३, एकूण ४३" असे लिहून ठेवावे. ज्याला औषधांची नावे वाचता येत नाहीत, तो शाळकरी नातूही मग डबा मोजून चूक दाखवू शकतो. भरणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी ही मोजणी करावी.

एसआर असे लिहिलेली गोळी तोडू किंवा कुटू नये. ती सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि मोडल्यास सगळे औषध एकदम सुटते. अर्धी गोळी सांगितली असेल, तर त्याच औषधाची कमी ताकदीची पूर्ण गोळी मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.

डबा एका आठवड्यापेक्षा अधिक काळासाठी भरू नये. तो चुलीवरच्या फळीवर, न्हाणीघरात किंवा फ्रिजमध्ये न ठेवता जेवणाच्या जागेजवळ, परंतु उन्हापासून दूर ठेवावा. गोळीला डाग पडला, कडा भुसभुशीत झाल्या, दोन गोळ्या चिकटल्या, तर त्या टाकून द्याव्यात. अ‍ॅस्पिरिन ओलाव्याने बिघडली, की तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. खणाचे झाकण उघडून वास घेणे ही खरोखरच उपयोगी तपासणी आहे.

दुपारचा खण

आठवड्याअखेर डबा उघडल्यावर जे खण भरलेले आढळतात, त्यांत दुपारचे अधिक असतात. सकाळी चहा ठरलेला असतो, रात्री घरात माणसे असतात. दुपारी मात्र जेवणाची वेळ पुढेमागे होते, डोळा लागतो आणि गोळी राहते. त्यावर मोबाईलचा गजर लावतात. आजी तो बंद करतात आणि पुन्हा झोपतात.

अधिक चांगला मार्ग म्हणजे दुपारचा खण लागतोच का, हे डॉक्टरांना विचारणे. नमुन्यातील अ‍ॅस्पिरिन आणि कॅल्शियम ही दोन्ही रात्रीच्या जेवणानंतर घेता येतील का, हा रास्त प्रश्न आहे. थायरॉईडच्या गोळीपासूनचे अंतर तेव्हाही राहते. सकाळी कॅल्शियम नको, हे मात्र त्यांच्या लक्षात आणून द्यावे. तीनऐवजी दोन वेळा झाल्या, तर विसरण्याची संधीच कमी होते. हा बदल घरच्यांनी परस्पर करू नये, कारण काही औषधांच्या तीन मात्रा सारख्या अंतरानेच घ्यायच्या असतात.

दुपार टाळता येणारच नसेल, तर गोळ्या ताट वाढण्याशी जोडाव्यात. ताटाबरोबर स्टीलची छोटी वाटी ठेवावी आणि खणातील गोळ्या आधी वाटीत काढाव्यात. गोळी वाटीत पडल्याचा आवाज येतो, दोन आहेत हे दिसते आणि थरथरत्या हातातून निसटलेली गोळी जमिनीवर जात नाही.

राहिलेली गोळी आढळली, तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. साखरेच्या गोळीबाबत हा नियम कटाक्षाने पाळावा. रिकामा खण म्हणजे गोळी गिळली, असेही नव्हे. उशीखाली, पदराच्या गाठीत आणि कुंडीत गोळ्या सापडल्याची उदाहरणे घरोघरी आहेत. आजींना आज कोणता वार हे सांगता येत नसेल, तर एकवीस खणांचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. "आज दुपारचा खण दाखवा" असे विचारून पाहावे. बोट चुकीच्या खणावर गेले, तर डबा कुलपात आणि शेजारी राहणाऱ्या मुलीने किंवा सुनेने त्या-त्या वेळेपुरत्या गोळ्या देणे, हीच सुरक्षित व्यवस्था.

पहिले दोन आठवडे आणि उपवास

डब्याचा एक धोका फारसा बोलला जात नाही. आजी पूर्वी निम्म्याच गोळ्या घेत होत्या, हे कोणाला ठाऊक नव्हते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवत नेली. आता डब्यामुळे पहिल्यांदाच सर्व गोळ्या वेळेवर जाऊ लागतात आणि रक्तदाब अचानक उतरतो, साखर खाली जाते. उठताना अंधारी आली, पडणे झाले, तर दोष वयाला दिला जातो. म्हणून डबा सुरू करण्यापूर्वी "आतापर्यंत गोळ्या चुकत होत्या" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि पहिले दोन आठवडे रक्तदाब व साखर ते सांगतील तशी मोजून लिहून ठेवावी.

उपवासाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. संकष्टी आणि एकादशी आपल्या आज्या सोडत नाहीत. ग्लिमेपिराइड घेऊन न्याहारी केली नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती वगळायची, हे आधी विचारून टाचणावर वेगळ्या ओळीत लिहावे आणि डबा भरताना कॅलेंडर पाहून त्या दिवसाचा खण तसाच लावावा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, अचानक गळून जाणे ही साखर उतरल्याची लक्षणे. शुद्ध असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

साठ्याची मोजणी

डबा भरून झाला की उरलेल्या गोळ्या मोजायच्या, हा शनिवारच्या कामाचाच भाग. प्रत्येक औषधाच्या उरलेल्या गोळ्यांना रोजच्या संख्येने भागले, की डब्याखेरीज किती दिवसांचा साठा आहे, हे कळते. समजा मेटफॉर्मिनच्या १८ गोळ्या उरल्या. रोज दोन लागतात, म्हणजे नऊ दिवस. अ‍ॅस्पिरिनच्या ५ उरल्या, पाच दिवस. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या २१, एकवीस दिवस.

आता नियम असा करावा : डबा भरल्यावर किमान सात दिवसांचा साठा हातात असला पाहिजे, जून ते सप्टेंबरमध्ये चौदा. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरड कोसळली किंवा झाड आडवे पडले, तर शनिवारी येणारा मुलगा येऊ शकत नाही. पुढच्या आठवड्याचा डबा मग मुलीने भरायचा असतो आणि तिच्या हाती गोळ्या असाव्या लागतात. वरील उदाहरणात अ‍ॅस्पिरिन कोणत्याही ऋतूत आजच आणायला हवी. मेटफॉर्मिन उन्हाळ्यात पुढच्या शनिवारपर्यंत थांबेल, पण जुलैत थांबू नये. पुढच्या शनिवारी डब्याला १४ लागतील आणि हातात चारच, म्हणजे दोन दिवसांच्या गोळ्या उरतील.

औषधे वेगवेगळ्या दिवशी का संपतात, याचे कारण स्ट्रिपच्या आकारात आहे. एखादे औषध दहाच्या स्ट्रिपमध्ये येते, दुसरे चौदाच्या, तिसरे पंधराच्या. चिठ्ठी महिन्याची, म्हणजे तीस दिवसांची. चौदाच्या दोन स्ट्रिपा घेतल्या, तर महिन्याला दोन गोळ्या कमी पडतात आणि दुकानात पुन्हा खेप होते. त्याऐवजी अठ्ठावीस दिवसांचे, म्हणजे चार डब्यांचे चक्र धरणे सोयीचे. अ‍ॅस्पिरिनच्या चौदाच्या दोन स्ट्रिपा त्यात बरोबर बसतात. मेटफॉर्मिनच्या ५६ गोळ्या लागतात, दहाच्या सहा स्ट्रिपा घेतल्यास चार उरतात आणि पुढील चक्रात वापरल्या जातात. एकदा प्रत्येक औषध कमी-जास्त घेऊन सर्वांची शेवटची तारीख एका शनिवारवर आणली, की महिन्यातून एकच खेप पुरते. थायरॉईडच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. शंभर गोळ्यांची बाटली असेल, तर पंच्याऐंशीव्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करावी.

नवी स्ट्रिप घरी आल्यावर ती लगेच डब्यात जाऊ नये. जुन्या रिकाम्या स्ट्रिपशेजारी ठेवून चार गोष्टी पाहाव्यात : औषधाचे नाव, मिलिग्रॅम, एसआर आहे की साधी, आणि मुदत. दुकानदाराने नेहमीची कंपनी नसल्याने दुसरी दिली, तर ती चूक नव्हे. पण तेव्हाच टाचणावरील रंग बदलावा, आजींना गोळी दाखवावी आणि जुन्या कंपनीची उरलेली स्ट्रिप आधी संपवावी. अनोळखी रंगाची गोळी पाहून ती बाजूला काढून ठेवणाऱ्या आजी चुकीचे काही करत नसतात, त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुदतीच्या जागी महिना आणि वर्षच असेल, तर त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध चालते. कापून दिलेल्या स्ट्रिपवर ही मुदत अनेकदा राहत नाही. मुदत छापलेला तुकडाच मागून घ्यावा आणि घरी कापताना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी.

दर खेपेला चिठ्ठीची तारीखही पाहावी. अनेक महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर औषधे आणत राहिल्यास साठा पूर्ण दिसतो, पण मूत्रपिंडाची किंवा साखरेची तपासणी राहून गेलेली असते. पुढील भेटीची तारीख टाचणावर साठ्याच्या आकड्यांशेजारी लिहिली, तर ती दर शनिवारी नजरेखालून जाते. भेटीला जाताना टाचण, औषधांच्या स्ट्रिपा आणि न उघडलेले खण असलेला डबा, तिन्ही बरोबर न्यावेत.

रुग्णालयात दाखल होऊन परतल्यावर मात्र आधीच्या डब्यावर विसंबू नये. नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयातून असो, जिल्हा रुग्णालयातून असो किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून, घरी पाठवताना दिलेल्या कागदावर जुनी औषधे बंद झालेली, मात्रा बदललेल्या आणि काही औषधे केवळ पाच-सात दिवसांसाठी दिलेली असतात. घरी डबा अर्धा भरलेला वाट पाहत असतो आणि दमलेल्या घरातून नव्या गोळ्या त्यातच मिसळल्या जातात. त्याच संध्याकाळी तो पूर्ण रिकामा करावा, जुने टाचण फाडावे, नव्या कागदावरून नवे लिहावे आणि बंद झालेल्या औषधांच्या स्ट्रिपा घराबाहेर काढल्यावरच पहिला खण भरावा.